विश्लेषण : सेकंडहँड कॅमेऱ्याची योग्य किंमत कशी काढायची? शटर काउंटला किती महत्त्व द्यायचे?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि त्याआधीचे काही आठवडे जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार गरम असतो. मोठे स्टुडिओ मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळताना आपले डीएसएलआर विकायला काढतात, तर या धंद्यात नव्याने उतरणारे तरुण नेमके तेच शोधत असतात. जाहिरातीत मजकूर ठरलेला असतो : ‘कंडिशन टॉप, शटर काउंट कमी, बॅग-ट्रायपॉड फ्री, किंमत फिक्स.’ ही ‘फिक्स’ किंमत कशावरून आली, हे मात्र बहुतेकदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ती कागदावर मांडून काढता येते. कशी, ते एका उदाहरणातून पाहू.

व्यवहार नेमका काय आहे?

समजा, सिन्नरमधील एका स्टुडिओला निकॉन डी७५० हा कॅमेरा आणि सोबत ५० एमएम एफ १.८जी ही लेन्स विकायची आहे. दोन्हींचे मिळून ७० हजार रुपये मागितले आहेत : बॉडीचे ६० हजार आणि लेन्सचे १०. घेणारा नाशिकचा तरुण आहे. दोन वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली लग्ने शूट करून त्याने ५० हजार रुपये साठवले आहेत. कॅमेरा फसला तर त्याचा हा सीझन गेलाच, शिवाय पुढच्या सीझनसाठी पैसेही उरणार नाहीत.

डी७५० बाजारात आला सप्टेंबर २०१४ मध्ये. २४.३ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर आणि दोन मेमरी कार्डांची सोय यामुळे लग्नाच्या फोटोग्राफरांनी तो मोठ्या प्रमाणावर घेतला. आज तो नवा मिळत नाही आणि त्याच्या किमतीचा घोळ तिथूनच सुरू होतो. (पुढचे रुपयांतील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात त्या दिवसाचे, आपल्या शहरातील आकडे घालायचे.)

सुरुवात जुन्या बिलापासून की आजच्या भावापासून?

विकणारा नेहमी आपल्या बिलापासून सुरुवात करतो. ‘सव्वा लाखाला घेतला होता, निम्म्यात देतोय’ हे वाक्य ऐकायला रास्त वाटते. पण कॅमेरा कितीला घेतला होता याचा आजच्या किमतीशी काही संबंध नाही. घेणाऱ्यासमोर प्रश्न एवढाच असतो की, हे काम करणारी नवी वस्तू आज किती रुपयांत मिळते?

मॉडेल अजून नवे मिळत असेल तर उत्तर सोपे असते. छापील एमआरपी बाजूला ठेवायची आणि दोन-तीन दुकानांत प्रत्यक्ष मिळणारा भाव विचारायचा. दसरा-दिवाळीत कंपन्या कॅशबॅक देतात, कार्ड आणि बॅग मोफत देतात. नव्याचा भाव असा पाच-सात हजारांनी उतरला की जुन्याचाही उतरायला हवा. विकणाऱ्याला ते ठाऊक नसते किंवा ठाऊक नसल्यासारखे दाखवायचे असते.

मॉडेल बंद झाले असेल, तर त्याच कामाचा नवा कॅमेरा धरायचा. डी७५०साठी तुलना होते निकॉनच्याच फुल फ्रेम मिररलेस मालिकेतील खालच्या मॉडेलशी. २०२० मध्ये आलेला झेड५ हे त्याचे उदाहरण. तोही फुल फ्रेम, तेवढ्याच मेगापिक्सेलचा आणि दोन कार्डांचा. समजा असा नवा कॅमेरा आज दुकानात ९६ हजारांना मिळतो. मग वॉरंटी संपलेल्या, अनेक वर्षे जुन्या डी७५०ला ६० हजार देणे म्हणजे ३६ हजार वाचवण्यासाठी नवेपणा, वॉरंटी आणि सुटे भाग मिळण्याची शाश्वती या तिन्हींवर पाणी सोडणे. बंद पडलेल्या मॉडेलसाठी, ते कितीही स्वच्छ असले तरी, त्याच कामाच्या नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याच्या फार वर जाऊ नये, असा व्यवहारी ठोकताळा धरता येतो. इथे तो येतो सुमारे ४८ हजार.

जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओसाठी हे गणित आणखी खाली येते. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. ९६ हजारांच्या बिलात सुमारे १४ हजार ६०० रुपये कर असतो आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमांनुसार त्याचे क्रेडिट मिळू शकते. म्हणजे त्याला तोच नवा कॅमेरा साधारण ८१ हजार ४०० रुपयांना पडतो. खासगी विक्रेत्याकडून जुना घेताना असे क्रेडिट मिळत नाही. नाशिकच्या तरुणाची नोंदणी नाही, त्यामुळे त्याने ९६ हजारच धरायचे.

दुकानदाराचे दोन भाव

ठोकताळा पडताळून पाहायला सर्वांत चांगली जागा म्हणजे जुने कॅमेरे घेणारी-विकणारी दुकाने. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजारात, तसेच पुणे-नाशिकसारख्या शहरांतही अशी दुकाने आहेत. त्यांना दोन फोन करायचे. एका दुकानात विचारायचे, ‘डी७५० बॉडी कितीला द्याल?’ आणि दुसऱ्यात, ‘माझा डी७५० कितीला घ्याल?’ ऑनलाइन जाहिरातीतील किंमत ही मागणी असते. तिथे झालेला सौदा दिसत नाही. दुकानदाराचे हे दोन भाव मात्र खऱ्या व्यवहाराच्या जवळचे असतात.

समजा, दुकानदार ५० हजारांच्या आसपास क्लिक झालेली, व्यवस्थित बॉडी सहा महिन्यांच्या वॉरंटीसह ५८ हजारांना विकतो आणि तशीच बॉडी ४२ हजारांना विकत घेतो. मधल्या १६ हजारांत त्याचे भाडे, तपासणी, वॉरंटीची जोखीम आणि नफा येतो. दोन व्यक्तींमधल्या थेट सौद्यात हा मधला भाग दोघांनी वाटून घेतला की किंमत ५० हजारांवर येते. आधीच्या ठोकताळ्याच्या ती जवळच आहे, म्हणून हाच पाया धरू.

हा भाव फक्त त्या ‘५० हजार क्लिक आणि व्यवस्थित’ कॅमेऱ्याचा आहे. समोरचा कॅमेरा त्यापेक्षा किती वेगळा आहे, हे आता रुपयांत मोजायचे.

शटर काउंट खरा कसा पाहायचा?

डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला सेन्सरसमोरचे पातळ पडदे उघडतात आणि मिटतात. हे किती वेळा झाले, त्याची मोजणी म्हणजे शटर काउंट. निकॉनचे कॅमेरे ती प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. लॅपटॉपवर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम असेल तर एका ओळीत ती वाचता येते :

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_0001.NEF
```

या ओळीत सिरियल नंबर मुद्दाम घेतला आहे. विकणारा एखादी फाइल पाठवतो, काउंट कमी दिसतो, पण फाइल स्टुडिओतल्या दुसऱ्याच कॅमेऱ्याची असते. फाइलमधला नंबर, बॉडीवर छापलेला नंबर आणि बिलावरचा नंबर असे तिन्ही जुळायला हवेत. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणूनही ही तपासणी उपयोगी पडते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आला तर ही माहिती गळून पडते. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायचा किंवा भेटीच्या वेळी आपले कार्ड घालून स्वतः काढायचा. दुसरा मार्ग उत्तम. आणखी एक गफलत हमखास होते. कॅमेऱ्याच्या मेन्यूत `Battery info` मध्ये फोटोंची एक संख्या दिसते. ती बॅटरी शेवटची चार्ज केल्यापासून काढलेल्या फोटोंची असते. ‘हे बघा, फक्त ४१२ क्लिक’ असे ती दाखवून सांगणारे विक्रेते भेटतात. काहींचा खरोखरच तसा समज असतो.

कॅनॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये येत नाही. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने किंवा सर्व्हिस सेंटरकडून तो काढावा लागतो. मिररलेसमध्ये आणखी एक पेच आहे. सायलेंट मोडमध्ये पडदे हलत नाहीत, त्यामुळे काढलेले फोटो आणि पडद्यांची झीज हे दोन आकडे वेगळे असू शकतात.

एका क्लिकची किंमत सव्वानऊ पैसे

सिन्नरच्या कॅमेऱ्याचा काउंट निघाला १ लाख ३८ हजार. निकॉनने डी७५०चे शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासले आहे. हे कळले की घेणाऱ्याच्या मनात येते, आता फक्त १२ हजार उरले, म्हणजे कॅमेरा संपलाच! दुसरीकडे विकणारा म्हणतो, तीन-तीन लाख चालतात, काळजी नको.

दोघेही आकड्याचा अर्थ चुकीचा लावतात. दीड लाख ही कंपनीने चाचणीत गाठलेली मर्यादा आहे. तिला औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखा अर्थ नाही. काही शटर साठ-सत्तर हजारांवर जातात, काही तीन लाखांनंतरही चालतात. शिवाय शटर गेले म्हणून कॅमेरा जात नाही. तो सुटा भाग आहे आणि बदलता येतो. म्हणून शटर काउंटपोटी किती कमी द्यायचे, याचे उत्तर शटर बदलण्याच्या खर्चात आहे.

समजा, सर्व्हिस सेंटरने शटर युनिट आणि मजुरी मिळून १४ हजार रुपये सांगितले. दीड लाख क्लिकला १४ हजार, म्हणजे एका क्लिकला साधारण सव्वानऊ पैसे. पायाभूत किंमत ५० हजार क्लिकच्या कॅमेऱ्याची होती आणि हा ८८ हजार क्लिक जास्त चाललेला आहे. ८८ हजारांना सव्वानऊ पैशांनी गुणले की सुमारे ८ हजार २०० रुपये होतात. काउंटपोटी वजा करायचे ते एवढेच.

या पद्धतीचा फायदा असा की तिला वरची मर्यादा आपोआप लागते. काउंट अडीच लाख असला तरी घेणाऱ्याचे जास्तीत जास्त नुकसान नव्या शटरचे, म्हणजे १४ हजारांचे. त्यापायी किंमत निम्म्यावर आणणे ही नुसती घासाघीस झाली. मात्र एवढा काउंट असेल तर आरसा हलवणारी यंत्रणा, बटणे, लेन्स बसते ते माउंट हेही तेवढेच वापरलेले असते. त्यांना काउंटर नसतो. त्यांचा हिशेब पुढे डोळ्यांनी करावा लागतो.

शटर आधीच बदललेले असेल तर? बदलल्यावर काउंटर शून्यावर आणला जाईलच असे नाही. म्हणून सर्व्हिस बिल मागायचे. त्यावरची तारीख आणि त्या वेळचा काउंट कळला की नव्या शटरचे क्लिक मोजता येतात. डी७५०च्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. काही सिरियल नंबरच्या कॅमेऱ्यांत शटर नीट न चालल्याने फोटोचा काही भाग काळवंडत असे. निकॉनने २०१५ मध्ये त्याची दखल घेऊन अशा कॅमेऱ्यांची मोफत दुरुस्ती जाहीर केली आणि पुढे तिची व्याप्ती वाढवली. आपला नंबर त्यात होता का आणि काम झाले का, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारायचे.

दोष फोटोतही पकडता येतो. डी७५०चा सर्वांत जलद वेग सेकंदाचा चार हजारावा भाग आहे. तो लावून उजळ, कोऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे सलग दहा-पंधरा फोटो काढायचे. सगळे सारखे उजळ आले तर ठीक. एखाद्यात एका कडेला काळसर पट्टा दिसला किंवा एक फोटो मध्येच गडद आला, तर शटर थकले आहे. मग काउंट २० हजार असला तरी पूर्ण १४ हजार वजा करायचे.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. नवशिक्यांच्या स्वस्त डीएसएलआरची जुनी बॉडी पंधरा-सोळा हजारांची असते. तिला नवे शटर घालण्याचा खर्च किमतीच्या निम्म्यावर किंवा त्याहून पुढे जातो, त्यामुळे ते कोणी घालत नाही. तिथे शटर गेले म्हणजे कॅमेरा गेला. अशा बॉडीत जास्त काउंट दिसला तर हिशेब न करता दुसरी पाहावी.

काउंट कमी, पण कॅमेरा दमलेला

आता उलट बाजू. व्हिडिओ शूट करताना शटर उघडेच राहते. तासभराच्या एका रेकॉर्डिंगला काउंटर जेमतेम एकाने सरकतो. संगीत, हळद आणि मिरवणूक तासन्तास शूट केलेल्या कॅमेऱ्याचा काउंट ३० हजार असू शकतो, पण सेन्सर आणि बाकीचे इलेक्ट्रॉनिक्स भरपूर राबलेले असते. याची खूण बाहेर दिसते. डी७५०चा वर-खाली झुकणारा स्क्रीन सैल झालेला असतो, माइक आणि एचडीएमआय लावण्याची जागा ढिली पडलेली असते, बॉडीच्या तळाला ट्रायपॉडच्या प्लेटचे गोल घासलेले वण असतात. काउंट कमी आणि या खुणा जास्त असतील तर ‘घरगुती वापर’ हे शब्द विसरून जायचे.

सेन्सर दोन प्रकारे पाहायचा. छिद्र एफ १६वर ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून आकाशाचा फोटो काढला की धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. ती साफ होते, तिच्यासाठी पाच-सातशे रुपयांपेक्षा जास्त सोडायला कोणी तयार होऊ नये. दुसरा प्रकार गंभीर. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकांत डीजेबरोबर लेझर लाइट असतात. तो किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर जळू शकतो. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी रंगीत ठिपका किंवा आडवी-उभी रेघ येते. ही साफ होत नाही. सेन्सर बदलण्याचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीला भिडतो. अशा कॅमेऱ्याची किंमत सुट्या भागांइतकीच धरायची. लेन्सला टोपी घालून एक आणि पांढऱ्या भिंतीचा एक असे दोन फोटो काढून ते लॅपटॉपवर मोठे करून पाहिले की रेघ लपत नाही.

सिन्नरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर स्वच्छ निघाला आणि वेगवान फोटोंतही पट्टा आला नाही. पण हाताच्या पकडीचे रबर फुगून सुटले होते. घामाने आणि उन्हाने हे होते. दिसायला वाईट, काम मात्र थांबत नाही. मूळ रबर आणि बसवण्याची मजुरी समजा २ हजार रुपये, तेवढेच वजा. कोपऱ्यांचा रंग उडालेला असल्यास काही वजा करण्याची गरज नाही. एखादा कोपरा चेपलेला असेल तर मात्र कॅमेरा पडलेला आहे, असे समजून फोकस नीट तपासायचा.

बॅग, ट्रायपॉड आणि खोका

यादी लांबवण्यासाठी विक्रेते जे जोडतात त्यातल्या बहुतेकाला किंमत नसते. नव्या कॅमेऱ्यासोबत मोफत आलेली बॅग, जुने हळू चालणारे कार्ड, दोनशे रुपयांचा फिल्टर हे सगळे शून्य. खोका असला तर पुढे विकताना बरा पडतो, नसला तर अडत नाही. बिल मात्र हवेच, निदान सिरियल नंबर दिसणारी प्रत तरी.

मूळ चार्जर आणि मूळ बॅटरी या दोन गोष्टींचे खरे मोल असते. बॅटरीचे वय कॅमेराच सांगतो. त्याच `Battery info` मध्ये ० ते ४ असा आकडा येतो. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदलायला आलेली. इथे चार्जर मूळ आहे, बॅटरी दोन आहेत. पैकी एक दुसऱ्या कंपनीची स्वस्तातली, तिला शून्य. मूळ बॅटरीचे वय ३ दिसते. नवी बॅटरी समजा साडेचार हजारांची, तर या वयापोटी २ हजार वजा करणे योग्य ठरेल.

बॉडीचा हिशेब असा झाला : पाया ५० हजार, त्यातून शटरचे ८ हजार २००, रबराचे २ हजार आणि बॅटरीचे २ हजार गेले. उरले ३७ हजार ८००. मागितले होते ६० हजार.

लेन्सचा हिशेब वेगळा का?

लेन्सला शटर नाही आणि तिचे तंत्रज्ञान बॉडीइतक्या झपाट्याने शिळे होत नाही, म्हणून तिची किंमत टिकते. ५० एमएम एफ १.८जी ही लेन्स नवी समजा १६ हजारांना मिळते. स्वच्छ, नीट चालणाऱ्या जुन्या लेन्सला त्याच्या साठ-पासष्ट टक्के, म्हणजे सुमारे १० हजार देणे रास्त. विक्रेत्याने मागितलेही तेवढेच. या लेन्सचे मूळ एचबी-४७ हूड सोबत असेल तर उत्तम.

पण आपल्याकडे लेन्सचा खरा शत्रू पावसाळा. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर कपाटात किंवा बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये फंगस धरते. टोपी काढून, छिद्र पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारायचा आणि पुढून पाहायचे. सुटे बारीक कण म्हणजे धूळ, तिला घाबरायचे नाही, ती जवळजवळ प्रत्येक लेन्समध्ये असते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक रेषा म्हणजे फंगस. सगळीकडे दुधाळ धुके दिसत असेल तर ते हेझ, आणि त्याने उजेडासमोरचे फोटो फिकट येतात.

कडेला नुकतीच धरलेली फंगस कारागीर साफ करू शकतो. पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतो. साफसफाईचे पैसे वजा करून भागत नाही, कारण ती परत येऊ शकते आणि पुढे विकतानाही हाच प्रश्न विचारला जाणार. अशा लेन्सला स्वच्छ लेन्सच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. साध्या ५० एमएमसाठी तर सोडूनच द्यावे, दुसरी सहज मिळते.

निकॉनच्या लेन्समध्ये एक अक्षरही पैशांचे असते. ‘जी’ प्रकारच्या या ५० एमएमला स्वतःची फोकस मोटर आहे. तिच्या आधीच्या ‘डी’ प्रकारात ती नाही. तिचा फोकस बॉडीतल्या मोटरने फिरतो. डी७५०मध्ये ती मोटर आहे, म्हणून इथे दोन्ही चालतात. पण उद्या याच तरुणाने झेड मालिकेतला मिररलेस घेतला, तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ‘जी’ लेन्सचा ऑटोफोकस चालेल, ‘डी’चा चालणार नाही. ‘डी’ प्रकार स्वस्त मिळतो त्याचे मोठे कारण हेच. ‘५० एमएम एफ १.८’ एवढेच जाहिरातीत लिहिलेले असेल तर पुढचे अक्षर विचारून घ्यायचे.

टॉर्चखाली सिन्नरच्या लेन्समध्ये धुळीचे चार कण दिसले, फंगस नाही. छिद्र पूर्ण उघडे ठेवून भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढला, चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखीच स्पष्ट आली. एकच कोपरा पुसट आला असता तर लेन्स पडून आतली काच सरकली असण्याची शक्यता होती. हूडही मूळ आहे. म्हणजे लेन्सचे १० हजार कमी करण्याचे कारण नाही. इथे उगाच हजार-पाचशे पाडून मागण्यापेक्षा बॉडीचा कागद पुढे ठेवणे बरे.

सौदा कुठे मिटतो?

दोन्ही मिळून येतात ४७ हजार ८००. मागणीपेक्षा २२ हजार २०० रुपये कमी. विकणाऱ्याला हे ऐकून राग येण्याची शक्यता आहे, म्हणून त्याच्यापुढचा पर्याय काय आहे, हेही मोजायला हवे. दुकानदार चांगल्या बॉडीला ४२ हजार देत होता. शटर, रबर आणि बॅटरीचे १२ हजार २०० तोही वजा करणार. म्हणजे स्टुडिओच्या हातात बॉडीचे पडतील २९ हजार ८००. तरुणाला विकले तर त्याला ८ हजार जास्त मिळतात.

तरुणाच्या बाजूने पाहिले तर अशाच अवस्थेतली बॉडी दुकानदाराने ५८ हजारांतून तेवढीच वजावट करून ४५ हजार ८००ला दिली असती. त्याचेही ८ हजार वाचतात. पण दुकानात सहा महिन्यांची वॉरंटी होती, इथे नाही. १ लाख ३८ हजार क्लिक झालेल्या शटरवर तो लग्नाच्या तारखा घेणार असेल, तर वाचलेले हे ८ हजार शटरसाठी बाजूला ठेवावे लागतील. सिन्नरचा स्टुडिओ ४० हजारांच्या खाली बॉडी द्यायला तयार नसेल, तर तरुणाला दोन हजार जास्त देऊन चालेल. मात्र त्या बदल्यात बिलाची प्रत, सर्व्हिसचे कागद आणि पंधरा दिवस कॅमेरा वापरून पाहण्याची लेखी मुभा मागून घ्यायची. पंधरा दिवसांत दोन साखरपुडे आणि एखादे बारसे शूट झाले तर पाच हजार क्लिक सहज होतात आणि शटरचा पट्टा दिसायचा असेल तर तेवढ्यात दिसू शकतो.